राखीव खेळाडूंचा मान

गेल्या हिवाळ्यात एका तालुक्याच्या गावी शालेय विजयोत्सवास प्रमुख पाहुणे म्हणून जाण्याचा प्रसंग आम्हांस आला. त्या शाळेच्या मुलींच्या कबड्डी संघाने जिल्ह्याची स्पर्धा जिंकली होती. पटांगणात मंडप घातलेला होता, लेझीमचे पथक सज्ज होते, फळ्यावर रंगीत खडूने अभिनंदनाचा मजकूर सुंदर अक्षरांत लिहिलेला होता. एकंदरीत उत्सवात कोणतीही उणीव दिसत नव्हती. मुख्याध्यापकांनी सात मुलींची नावे एकेक करून घेतली, त्या व्यासपीठावर आल्या आणि आम्ही आपल्या हातांनी प्रत्येकीस श्रीफळ व गुलाबपुष्प दिले. टाळ्यांचा कडकडाट झाला. त्याच वेळी मंडपाच्या डाव्या बाजूस, पाण्याच्या पिंपाजवळ, संघाचाच गणवेश घातलेल्या पाच मुली उभ्या असलेल्या आम्हांस दिसल्या. वर गेलेल्या सात जणींच्या पिशव्या त्यांच्या खांद्यांवर होत्या. भाषणाच्या शेवटी मुख्याध्यापकांस त्यांची आठवण झाली असावी, कारण त्यांनी आवाज किंचित भरून आणून म्हटले, "आणि ज्या राखीव मुलींना खेळण्याची संधी मिळाली नाही, त्यांच्या त्यागालाही आपण वंदन करू या." पुन्हा टाळ्या झाल्या. ह्या टाळ्या पहिल्यापेक्षाही अधिक जोराच्या होत्या.

समारंभ आटोपल्यावर चहाच्या वेळी त्या पाचांपैकी एक मुलगी कपबशा घेऊन आमच्यापाशी आली. "तूही संघात आहेस ना?" असे आम्ही विचारले. ती म्हणाली, "होते सर, पण खेळले नाही." तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. एखाद्या अर्जावरील रकाना भरावा तसे तिने ते सांगितले. परंतु ते उत्तर आमच्या मनातून गेले नाही, आणि त्यानंतर जे जे आम्हांस कळले त्यावरून आमचे असे ठाम मत झाले आहे की, आमच्या शाळांतून विजय साजरा करण्याची जी रीत पडली आहे, तीत न खेळलेल्या खेळाडूंचा दोन प्रकारांनी अपमान होतो. एक प्रकार त्यांस विसरण्याचा आणि दुसरा त्यांस अशा रीतीने आठवण्याचा. पहिल्याविषयी पुष्कळ लोक बोलतात. आमचे भांडण मुख्यतः दुसऱ्याशी आहे.

प्रथम त्या पाच मुलींनी काय केले ते पाहू. कबड्डीचा संघ बारा जणांचा असतो. त्यांतील सात मैदानात उतरतात आणि पाच राखीव म्हणून बाहेर बसतात, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु सरावाच्या वेळी ह्या आकड्यांचा अर्थ काय होतो, याचा विचार प्रेक्षक करीत नाही. सात मुलींची साखळी बांधून उभी केली, तर तिच्यावर चढाई करावयास कोणी तरी पाहिजे. ते 'कोणी तरी' म्हणजेच ह्या पाच. त्या नसत्या, तर सातांनी महिनाभर एकमेकींचे हात धरून मोकळ्या जागेकडे पाहत उभे राहिले असते.

त्या शाळेच्या क्रीडाशिक्षकांनी आम्हांस एस. टी. स्थानकापर्यंत पोहोचविताना जी हकीकत सांगितली, ती येथे देतो. अंतिम सामन्यात ज्या शाळेशी गाठ पडण्याचा संभव होता, तिच्या संघात एक लांब पायांची चढाईपटू होती. तिचे सर्व सामर्थ्य बोनस गुणात होते. समोर सहा किंवा त्याहून अधिक रक्षक असताना चढाई करणाऱ्याने निदान रेषेच्या पलीकडील बोनस रेषा एका पायाने ओलांडली आणि त्या क्षणी मागचा पाय जमिनीपासून सुटलेला असला, की एक गुण मिळतो. ही मुलगी डाव्या कोपऱ्याच्या रोखाने संथपणे येई, दोनदा पाय पुढे केल्याची हूल देई, आणि तिसऱ्या वेळी खरोखरच पाय टाकून गुण घेऊन परत जाई. कोपऱ्यावरील रक्षिकेने हुलीस फसून आधीच झेप घेतली, तर तिचा स्पर्श होऊन ती स्वतःच बाद होई. झेप घेण्यास विलंब केला, तर पाय निघून जाई. हुलीच्या वेळी शरीराचा भार मागच्या पायावर राहतो, आणि खरा पाय पडतो तेव्हा तो भार पुढे सरकतो. त्या क्षणी घोटा धरला तरच पकड बसते. हे पुस्तकात वाचून येत नाही. तसा पाय डोळ्यांसमोर शेकडो वेळा यावा लागतो.

शिक्षकांनी राखीव मुलींपैकी सर्वांत उंच मुलीस ह्या कामी नेमले. उपान्त्य फेरीपूर्वी तिने त्या चढाईपटूचे दोन सामने मैदानाच्या कडेला बसून पाहिले, आणि पुढे नऊ दिवस रोज संध्याकाळी ती स्वतःचा खेळ सोडून त्या परक्या मुलीचा खेळ खेळली. तीच संथ चाल, त्याच दोन हुली, तोच तिसरा पाय. रोज तीस-चाळीस वेळा तिचा घोटा धरला गेला, रोज ती मातीत पडली, आणि शिक्षकांच्या सांगण्यावरून तिने एकदाही हूल सोपी केली नाही. अंतिम सामन्याच्या उत्तरार्धात त्या प्रसिद्ध चढाईपटूची डाव्या कोपऱ्यावर दोनदा पकड झाली. प्रत्येक पकडीचा एक गुण तर मिळालाच. शिवाय ती बाद होऊन बाहेर बसली तेवढा वेळ तिच्या संघाची धारच गेली. सामना तीन गुणांनी जिंकला गेला. कोपऱ्यावरील रक्षिकेस आम्ही श्रीफळ दिले. ज्या मुलीच्या घोट्यावर ती पकड घडली, ती पाण्याच्या पिंपापाशी पिशव्या घेऊन उभी होती. आणि आम्हांस चहा आणून देणारी, "पण खेळले नाही" म्हणणारी मुलगी तीच होय.

आता मुख्याध्यापकांच्या त्या 'त्यागा'कडे वळू. त्याग करावयाचा तर वस्तू आपल्या मालकीची असावी लागते आणि ती देण्याची इच्छाही असावी लागते. ह्या मुलीपाशी सातांमधील जागा नव्हती. ती तिने कोणास दिली नाही. शिक्षकांनी ती दुसरीस दिली. निवड योग्यही असेल. ती तशी होती असे आम्हांस वाटते. परंतु निवड ही निवडणाऱ्याची कृती आहे, आणि तीस न निवडलेल्याचा त्याग म्हणणे म्हणजे आपल्या निर्णयाची जबाबदारी दुसऱ्याच्या पुण्याच्या खात्यात लिहिणे होय. याचा एक दुष्परिणामही आहे. ज्या मुलीस न विचारता त्यागमूर्ती बनविले, तिला रुसण्याचा किंवा "मला का घेतले नाही?" असे विचारण्याचा अधिकार उरत नाही. तो प्रश्न तिने अवश्य विचारावा, आणि त्याचे उत्तर तिला प्रांजळपणे मिळावे. ते तिच्या पुढील वर्षाच्या खेळास वंदनापेक्षा अधिक उपयोगी पडेल.

शिवाय ह्या वंदनात नाव नाही. सातांची नावे घेतली गेली, पाचांची मिळून एक जात झाली: 'राखीव मुली'. जे वाक्य कोणत्याही शाळेच्या कोणत्याही संघाविषयी, कोणत्याही वर्षी, एक शब्द न बदलता उच्चारता येते, ते ऐकणाऱ्यास कळते की वक्त्याने आपल्याकडे पाहिलेले नाही. विस्मृतीत निदान प्रामाणिकपणा असतो. ह्या स्मृतीत तोही नाही.

जगाच्या मोठ्या मैदानांवरही हा प्रश्न फार उशिरा सुटला आहे. फुटबॉलच्या जागतिक चषकात १९७४ पर्यंत विजयी संघाच्या अंतिम सामन्यात खेळलेल्या अकरा जणांसच पदके मिळत. १९६६ साली इंग्लंडने तो चषक जिंकला. त्या संघातील नामांकित आक्रमक जिमी ग्रीव्ह्ज हा पहिले तीन सामने खेळला होता. त्यांतील फ्रान्सविरुद्धच्या सामन्यात त्याच्या नडगीस जखम झाली आणि त्याच्या जागी जेफ हर्स्ट आला. अंतिम सामन्यात हर्स्टने तीन गोल केले, आणि ग्रीव्ह्ज बाहेर बसून राहिला. पुढे २००७ मध्ये फुटबॉलच्या जागतिक संस्थेने १९३० ते १९७४ पर्यंतच्या विजयी संघांतील उरलेल्या सर्व खेळाडूंस पदके देण्याचे ठरविले आणि २००९ मध्ये ग्रीव्ह्जच्या हाती ते पदक पडले. मध्ये त्रेचाळीस वर्षे गेली. या प्रकरणी ग्रीव्ह्जने हर्स्टसाठी त्याग केला, असे म्हणणे हास्यास्पद ठरेल; त्याची नडगी फुटली आणि पुढे प्रशिक्षकाने जिंकणारा संघ बदलला नाही, एवढेच सत्य आहे. त्यास पदक देय होते ते त्याच्या दुःखाबद्दल नव्हे. जो संघ अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला त्याचा तो घटक होता, म्हणून ते देय होते. दया दाखविणे आणि देणे फेडणे यांतील भेद हाच आहे.

आमच्या महाराष्ट्रातील शालेय क्रीडेच्या इतिहासात न खेळलेल्या खेळाडूचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण मुंबईचे आहे. हॅरिस ढाल ही शाळांची क्रिकेट स्पर्धा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून चालत आलेली आहे. फेब्रुवारी १९८८ मध्ये आझाद मैदानावर तिचा उपान्त्य सामना शारदाश्रम विद्यामंदिर आणि सेंट झेवियर्स या शाळांत झाला. शारदाश्रमचे दोन गडी ८४ धावांवर बाद झाले असता चौदा वर्षांचा सचिन तेंडुलकर आणि सोळा वर्षांचा विनोद कांबळी एकत्र आले, आणि डाव घोषित होईपर्यंत ते वेगळे झाले नाहीत. तेंडुलकरच्या नाबाद ३२६, कांबळीच्या नाबाद ३४९, दोघांची भागीदारी ६६४, आणि संघाच्या २ बाद ७४८. हे आकडे महाराष्ट्रातील क्रिकेटप्रेमी मुलांस पाढ्यांप्रमाणे पाठ आहेत. त्यानंतर पुढच्या क्रमांकावर जाण्यासाठी अमोल मुजुमदार नावाचा तेरा वर्षांचा मुलगा पायांस पॅड बांधून बसला होता. दोन दिवस तो तसाच बसून राहिला. त्याची पाळी आली नाही.

ही हकीकत आज गमतीने सांगितली जाते. परंतु त्या धावफलकाकडे आम्ही जरा निराळ्या दृष्टीने पाहण्याची विनंती करतो. दोन गडी बाद, दोघे नाबाद. म्हणजे अकरांपैकी चौघांनीच हाती बॅट धरली. उरलेल्या सातांच्या नावांपुढे एकही धाव नाही. सामना शारदाश्रमने जिंकला तो ह्या अकरांच्या नावे जिंकला. तेव्हा न खेळलेल्याचा प्रश्न केवळ बाराव्या गड्याचा आहे, अशी जी समजूत असते ती चुकीची आहे. अकरांच्या आतही तो प्रश्न उभा असतो, आणि विजय जितका एकतर्फी तितके न खेळलेले अधिक.

येथे दोन मोह टाळावे लागतात. पहिला मोह असा की, मुजुमदारच्या बसण्यामुळेच ते दोघे निर्धास्तपणे खेळू शकले आणि म्हणून ६६४ धावांत त्याचाही वाटा आहे, असे म्हणावे. हे खरे असल्याचा कोणताही पुरावा नाही. त्या धावा दोघांनी केल्या. त्यांत तिसऱ्याचा वाटा घालणे म्हणजे दोघांचे घेऊन तिसऱ्यास खोटे नाणे देणे होय. तेरा वर्षांच्या मुलास खोटे नाणे चांगले ओळखता येते. त्याच्याविषयी खरे आणि पुरेसे वाक्य एवढेच: पुढचा फलंदाज दोन दिवस तयार होता. तिसरा गडी कोणत्याही चेंडूवर बाद होऊ शकला असता, आणि त्या प्रत्येक चेंडूस तो जागा होता. प्रतीक्षा हे क्रिकेटमधील एक काम आहे. ते त्याने केले. तेवढ्यासाठी त्याचे नाव घ्यावे.

दुसरा मोह अधिक गोड आणि म्हणून अधिक घातक आहे. अमोल मुजुमदार पुढे मोठा फलंदाज झाला. रणजी स्पर्धेतील पदार्पणात त्याने हरियाणाविरुद्ध २६० धावा काढल्या, प्रथम श्रेणीच्या सामन्यांत अकरा हजारांवर धावा केल्या, मुंबईचे नेतृत्व करून २००६-०७ ची रणजी स्पर्धा जिंकून दिली; आणि इतके करूनही भारतीय संघात त्याची निवड कधी झाली नाही. २०२३ मध्ये तो भारतीय महिला संघाचा मुख्य प्रशिक्षक झाला, आणि २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत त्या संघाने दक्षिण आफ्रिकेस ५२ धावांनी हरवून जागतिक चषक जिंकला. तेव्हापासून कथा सांगणाऱ्यांस शेवट सापडला आहे: पॅड बांधून बसलेल्या मुलास अखेर फळ मिळाले! ह्या कथेस आमचा विरोध आहे. फळ मिळाले म्हणून प्रतीक्षा सन्माननीय ठरली, असे मानले, तर ज्यांस फळ मिळत नाही त्यांची प्रतीक्षा मातीमोल ठरते. आणि शाळेच्या संघातील न खेळलेल्या हजारो मुलांपैकी बहुतेकांच्या वाट्यास पुढे कोणताही चषक येत नाही. ती मुले पुढे दुकानात, कचेरीत, शेतात कामास लागतात. त्यांचा सन्मान व्हावयाचा तर तो त्यांच्या भविष्याच्या तारणावर होऊ नये. त्या हंगामात त्यांनी जे केले, त्याच्याच बळावर व्हावा.

त्याच २०२५ च्या विजयात दुसरीही एक गोष्ट घडली. प्रतिका रावल हिने त्या स्पर्धेत ३०८ धावा केल्या होत्या, त्यांत न्यूझीलंडविरुद्धचे शतकही होते; परंतु अंतिम फेरीपूर्वी घोट्यास दुखापत होऊन ती संघाबाहेर गेली आणि तिच्या जागी शफाली वर्मा आली. विजयानंतर प्रतिका चाकांच्या खुर्चीवर बसून मैदानात आली, सहकारी तिच्याभोवती जमल्या. परंतु पदके नियमाप्रमाणे त्या वेळी यादीत असलेल्या पंधरा जणींसच होती, आणि तिच्यासाठी पदकाची व्यवस्था मागाहून करावी लागली. नियम करणाऱ्यांपेक्षा खेळणाऱ्या मुलींना संघ म्हणजे काय हे अधिक चांगले समजले होते. खुर्ची मैदानात कोणी आणली आणि यादी कोणी केली, याचा विचार आमच्या मुख्याध्यापकांनी अवश्य करावा.

आमच्या म्हणण्यावर आक्षेप येतील. पहिला आक्षेप गुणवत्तेचा: "सर्वांसच सारखे गौरविले, तर खेळणाऱ्याच्या पराक्रमास किंमत काय राहिली?" हा आक्षेप आम्हांस अर्धा मान्य आहे. सर्वांस सारखे गौरवावे असे आम्ही म्हणतच नाही. संघाचे सभासदत्व सर्वांचे सारखे आहे आणि कामगिरी प्रत्येकाची निराळी आहे. उत्सवात ह्या दोन्ही गोष्टी स्पष्ट दिसल्या पाहिजेत. व्यासपीठावर बारा जणी एका रांगेत, एकाच गणवेशात उभ्या राहाव्यात, छायाचित्रात कोणी मागे वा कडेला राहू नये, प्रमाणपत्रावर सर्वांस 'संघाची खेळाडू' एवढेच म्हणावे; येथपर्यंत समता. त्यानंतर जिने अकरा गुण मिळविले तिचे अकरा गुण खुशाल सांगावेत, आणि जिने एकही मिळविला नाही तिचे निराळे काम सांगावे. जिने चढाई केली नाही, तिने ती केली असे भासवू नये. दुसऱ्याचे खरे काम सांगितल्याने अकरा गुणांचे साडेदहा होत नाहीत.

दुसरा आक्षेप संकोचाचा: "न खेळलेल्या मुलीस वर बोलावले, तर तिला ओशाळवाणे वाटते." वाटते खरे; परंतु ते केव्हा, हे पाहावे. सर्व नावे संपल्यावर, आवाज बदलून, 'आणि' ह्या शब्दाने जर तिला बोलाविले, तर ती ओशाळेलच. कारण तो 'आणि' तिला कळतो. म्हणून नावांचा क्रमच बदलावा अशी आमची सूचना आहे. गुणांच्या क्रमाने नावे न घेता हंगामाच्या क्रमाने हकीकत सांगावी. जूनमध्ये निवड झाली, पावसात मैदान चिखलाने भरले, श्रावणात एकीचा खांदा दुखावला, अंतिम सामन्यापूर्वी नऊ दिवस विशेष सराव झाला, मग सामना. ह्या क्रमात प्रत्येकीचे नाव तिच्या कामाच्या जागी आपोआप येते, आणि राखीव मुली शेपटासारख्या शेवटी लोंबत नाहीत. एवढे करूनही एखादीस वर यावयाचे नसेल, तर तिला ओढू नये. तिचे नाव मात्र घ्यावे.

त्या सकाळी मुख्याध्यापकांनी काय बोलावयास हवे होते, याचा एक नमुना आम्ही देतो. नावे अर्थातच गाळली आहेत. "आपल्या बारा मुलींनी जिल्ह्याची स्पर्धा जिंकली. उपान्त्य फेरीपूर्वी अमुक हिने प्रतिस्पर्धी चढाईपटूचे दोन सामने पाहिले आणि नऊ दिवस तिची चाल हुबेहूब करून दाखविली. अमुक हिने त्या चालीवर घोट्याची पकड शिकून घेतली, आणि अंतिम सामन्यात ती दोनदा यशस्वी केली. अमुक हिने सर्वांत अधिक, म्हणजे अकरा गुण मिळविले. अमुक हिचा खांदा श्रावणात दुखावला. त्यानंतरही ती रोज मैदानावर येऊन सरावाची वेळ आणि गुण लिहून ठेवीत असे. अंतिम सामन्यात सात जणी उतरल्या. पाच जणी उतरण्याच्या तयारीने बसल्या होत्या." ह्या भाषणास दोन मिनिटेही लागत नाहीत. यात कोणाची कीव नाही, कोणास वंदन नाही, आणि एकही वाक्य असे नाही की जे दुसऱ्या शाळेच्या संघास लावता येईल.

परंतु असे भाषण समारंभाच्या आदल्या रात्री बसून लिहिता येत नाही, ही त्यातील खरी अडचण आहे. कोणत्या राखीव मुलीने काय केले, हे जर शिक्षकांसच आठवत नसेल, तर मुख्याध्यापकांस ते कोठून कळणार? धावा आणि गुण लिहून ठेवण्यास वही असते. सरावाची वही क्वचितच कोणी ठेवतो. म्हणून 'त्याग', 'निष्ठा', 'पाठिंबा' अशा मोठ्या शब्दांनी रिकामी जागा भरावी लागते. आमचा अनुभव असा की, मोठा शब्द जेथे येतो तेथे बहुधा लहान माहिती हरवलेली असते. रोजच्या सरावानंतर कोणी कोणाची भूमिका केली, कोणापुढे कोण उभे राहिले, एवढ्या दोन ओळी लिहिल्या, तरी हंगामाच्या शेवटी बारा नावांपुढे बारा गोष्टी सापडतील. आणि एखाद्या नावापुढे काहीच सापडले नाही, तर त्याचा अर्थ त्या मुलीने काही केले नाही असाच होत नाही. तिला काही काम दिलेच गेले नव्हते, असाही तो होऊ शकतो. तो दोष तिचा नव्हे. तेथे तिची खोटी स्तुती करू नये. पुढील हंगामात तिला काम द्यावे.

ह्या रीतीसही मर्यादा आहे, हे आम्ही लपवीत नाही. बारांच्या बाहेर ज्या राहिल्या, जूनमध्ये निवडीस आल्या आणि परत गेल्या, त्यांस व्यासपीठ पुरणार नाही. कोठे तरी रेघ ओढावी लागते. आमचे म्हणणे इतकेच की, ती रेघ बारा आणि बारांबाहेरील यांमध्ये पडावी, सात आणि पाच यांमध्ये पडू नये. कारण बारांची यादी शाळेनेच आपल्या सहीशिक्क्याने स्पर्धेस पाठविलेली असते. आपण सही केलेली यादी विजयाच्या दिवशी विसरणे हे शाळेस शोभत नाही.

उत्सव नीट झाला की नाही, हे टाळ्यांवरून कळत नाही. ते कळण्याची जागा निराळी आहे. पुढील वर्षी जूनमध्ये निवडीच्या दिवशी मैदानावर जावे, आणि त्या पाचांपैकी जितक्या अद्याप शाळेत असतील, त्यांतील किती परत आल्या हे मोजावे. ज्या मुलीस आपले काम कोणी पाहिले असे वाटते, ती सातांमध्ये येण्यासाठी पुन्हा झगडते. जिला वंदन करून वाटेस लावले, ती बहुधा येत नाही; आणि ती येत नाही तेव्हा तिची अनुपस्थिती कोणाच्या लक्षातही येत नाही.

ह्या दोषात आमचाही वाटा आहे, हे येथे कबूल केले पाहिजे. श्रीफळे सातच का, असे आम्ही त्या दिवशी व्यासपीठावर विचारू शकलो असतो. पाहुण्यास तेवढा अधिकार असतो. आम्ही विचारले नाही, आणि त्यागाच्या वाक्यावर इतरांबरोबर टाळ्याही वाजविल्या. घरी परतल्यावर आम्ही मुख्याध्यापकांस पत्र लिहून त्या उंच मुलीच्या नऊ दिवसांची हकीकत कळविली, आणि ती शाळेच्या वार्षिकात तिच्या नावानिशी छापावी अशी विनंती केली. उत्तर सौजन्यपूर्ण आले. 'जागा उरल्यास अवश्य विचार करू,' असे त्यात लिहिले आहे. जागा उरल्यास! सातांच्या छायाचित्रास पूर्ण पान राखून ठेवल्याचेही त्याच पत्रात नमूद आहे. आमचे मुख्याध्यापकांस एवढेच सांगणे आहे की, ते छायाचित्र पुन्हा काढावे, बारा जणींचे काढावे, आणि पिशव्या जमिनीवर ठेवावयास सांगून काढावे.